साडी काट्यावर ठेवून पाहा

साड्यांच्या दुकानात कप्प्यांवर चार नावे शेजारी शेजारी लावलेली असतात : कॉटन, लिनन, जॉर्जेट, सिल्क. पाहणाऱ्याला वाटते, ही एकाच प्रकारची चार कापडे आहेत. प्रत्यक्षात त्यांतली तीन नावे धाग्याची आहेत. कापूस बोंडातून येतो, लिनन जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडातून आणि रेशीम किड्याच्या कोशातून. जॉर्जेट मात्र कुठल्याही झाडातून वा किड्यातून येत नाही. धाग्याला कडक पीळ देऊन विणण्याची ती एक रीत आहे. ती रेशमात करता येते, व्हिस्कोजमध्ये करता येते आणि आज बाजारात बहुतेक वेळा पॉलिस्टरमध्ये केलेली असते. म्हणून ‘प्युअर जॉर्जेट’ एवढ्याच शब्दांनी काही कळत नाही. प्युअर काय, हे विचारावे लागते.

उन्हाळ्यात सुती आणि लग्नात रेशमी, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते. तरीही एक सुती साडी दुपारी बारा वाजता नकोशी होते आणि दुसरी संध्याकाळपर्यंत अंगावर आहे की नाही हे कळतही नाही. एक रेशमी साडी चापूनचोपून बसते, तर दुसरीच्या निऱ्या तासाभरात फुगून वर येतात. हा फरक धाग्याच्या जातीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, वजनातून आणि विणीतून येतो. दुकानदार या दोन गोष्टी सहसा सांगत नाहीत, पण आपल्या आपण त्या पाहता येतात. त्यासाठी घरातला पीठ मोजायचा काटा पुरतो.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर पंधरा सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे तिचे क्षेत्रफळ झाले सुमारे ६.३ चौरस मीटर. घडी केलेली साडी काट्यावर ठेवा, जे वजन ग्रॅममध्ये येईल त्याला ६.३ ने भागा. येणारा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन. कापडाच्या व्यापारात याला जीएसएम म्हणतात आणि शर्टाच्या कापडापासून चादरीपर्यंत सगळे याच मापात बोलले जाते. समजा, साडी ३२० ग्रॅम भरली, तर हा आकडा पन्नासच्या आसपास येतो. ४४० ग्रॅम भरली तर सत्तर, आणि ६३० ग्रॅम भरली तर शंभर. साडीला ब्लाउजपीस जोडलेलाच असेल तर लांबी ६.३ मीटरच्या जवळ जाते. मग ७.२ ने भागायचे. ऑनलाइन मागवलेल्या साडीचे वजन तर अनेकदा वर्णनातच दिलेले असते, पण ते कोणी पाहत नाही.

पन्नासच्या आसपासचे कापड अंगावर जवळजवळ जाणवत नाही. त्यातून उजेड आरपार दिसतो, म्हणून परकराचा रंग जुळवावा लागतो. सत्तर-ऐंशी म्हणजे रोज नेसता येईल असे कापड. शंभराच्या पुढे साडी स्वतःच्या भाराने खाली ओढली जाते, निऱ्या सरळ पडतात, पण खांद्यावर पिन नीट लावली नाही तर ब्लाउज घसरू लागतो. तुलनेसाठी सांगायचे तर शर्टाचे सुती पॉपलिन शंभर ते एकशेवीसच्या घरात असते.

आता हे वजन येते कुठून? धागा किती जाड आहे आणि एका इंचात किती धागे बसवले आहेत, या दोन्ही गोष्टी मिळून ते ठरते. इथे ‘काउंट’ हा शब्द समजून घ्यायला हवा, कारण दुकानात तो सर्रास वापरला जातो आणि त्यातच मोठी फसगत लपलेली आहे. सुताचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. ८० काउंट म्हणजे ऐंशी लडी. तेवढ्याच वजनात जास्त लांब सूत निघाले, म्हणजे ते बारीक. आकडा मोठा, सूत बारीक. लिननचा काउंटही पौंडावरच मोजतात, पण त्यातली लडी ३०० यार्डांची धरतात. त्या मापाला ‘ली’ म्हणतात. त्यामुळे ६० काउंटचे लिनन आणि ६० काउंटचे सूत सारखे नसतात. ६० चे लिनन सुताच्या हिशेबात जेमतेम २१ भरते आणि १०० चे लिनन सुमारे ३६. ‘शंभर काउंटची लिनन साडी’ म्हटले की ती मलमलीहून तलम असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिचा धागा शर्टाच्या चाळीस काउंटच्या सुतापेक्षा थोडा जाडच असतो.

मग एवढ्या जाड धाग्याची लिनन साडी हलकी कशी लागते? तिची वीण विरळ ठेवलेली असते म्हणून. ८० काउंटच्या सुताचे इंचामागे पाऊणशे उभे आणि तितकेच आडवे धागे घातले, तर कापड चौरस मीटरला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरते. १०० लीच्या लिननचे चाळीस-पंचेचाळीसच धागे घातले, तर ते साठाच्या आसपास राहते. दोन्ही कापडांची वीण एकच, एक धागा वर आणि एक खाली, साधी. पण लिननमध्ये दोन धाग्यांच्या मधली फट मोठी आणि धागा मात्र ताठ. ताठ असल्यामुळे कापड अंगाला चिकटत नाही, किंचित दूर उभे राहते आणि मधून हवा फिरते. शिवाय लिनन ओलावा चांगला टिपते. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो असे व्यापारात मानतात, लिनन बारा टक्के, रेशीम अकरा आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. उकाड्यात लिनन सुखाचे का वाटते, त्याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

ज्या जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी होते, त्याच वनस्पतीपासून लिनन होते. मात्र आपल्याकडे पेरले जाते ते तेलबियांचे वाण बुटके आणि फांद्या फुटणारे असते, तर धाग्यासाठीचे वाण उंच आणि सरळ वाढते. त्याचे मोठे पीक फ्रान्सच्या नॉर्मंडीत आणि बेल्जियममध्ये निघते. तिथे झाडे कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. मग खोडे शेतातच दवात पडू देतात. बुरशी आणि जंतू खोडातला डिंकासारखा पदार्थ कुजवतात आणि तंतू मोकळे होतात. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा असतो, तर जवसाच्या तंतूंचे जुडगे हातभर लांब निघते. हे तंतू मजबूत असतात, पण त्यांत ताण घेण्याची क्षमता जवळजवळ नसते. रेशमाचा धागा तुटण्याआधी वीसेक टक्के ताणला जातो, लिननचा दोन-तीन टक्केच. म्हणून लिनन एकदा दुमडले की दुमडलेलेच राहते. लिननला सुरकुती पडणे हा दोष नाही, तो त्या तंतूचा स्वभाव आहे. सुरकुती नकोच असेल तर लिनन घेऊ नये, आणि घेतले तर थोडे दमट असतानाच गरम इस्त्री करावी. कोरड्या लिननवर कितीही इस्त्री फिरवली तरी घडीच्या रेषा जात नाहीत.

लिननच्या नावाखाली व्हिस्कोज मिसळलेले कापड पुष्कळ विकले जाते. दोन्ही जाळले तर कागदासारखेच जळतात, म्हणून जाळून पाहण्याचा इथे उपयोग नाही. त्याऐवजी पदराच्या गोंड्यातून एक धागा काढा, मध्यभागी ओला करा आणि ओढा. लिनन आणि कापूस ओले झाले की जास्त मजबूत होतात, व्हिस्कोज मात्र ओले झाले की निम्मी ताकद गमावते आणि भिजलेल्या जागीच पटकन तुटते. कापूस आणि लिनन यांत फरक करायचा असेल तर धाग्याचा पीळ उलटा फिरवून सोडा. कापसाचे तंतू इंचभराचे निघतात आणि धागा लगेच विस्कटतो, लिननचे तंतू बोटभर किंवा त्याहून लांब निघतात.

सुती साडीबद्दल फार सांगायला नको, तिच्याशी आपला रोजचा संबंध आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवावी : खळ. नव्या सुती साडीत खळ असते, तिने कापड भरीव आणि घट्ट विणीचे वाटते आणि काट्यावर वजनही वाढते. दोन धुण्यांनंतर ती खळ निघून गेली की विरळ वीण उघडी पडते. दुकानात साडीचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोरात चोळावा. पांढरी भुकटी पडली आणि चोळलेला भाग उरलेल्या साडीपेक्षा लुळा झाला, तर जो भरीवपणा दिसत होता तो खळीचा होता. मलमलीला, बंगाली तांतीच्या साडीला खळ असणे गैर नाही, तिच्यामुळेच तशा साड्या नेसता येतात. पण मग दर धुण्याला घरी खळ घालायची तयारी हवी. इरकली नेसणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण तिचे सुती अंग मुळातच दाट विणीचे असते.

जॉर्जेटकडे मात्र जरा सावकाश पाहायला हवे, कारण त्याची सगळी गंमत डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी आहे. हे नाव फ्रान्समधल्या जॉर्जेट द ला प्लांत नावाच्या वस्त्रकार बाईंवरून पडले. रेशमाचा धागा कोशातूनच अखंड निघतो, म्हणून तो एकत्र राहण्यासाठी पीळ द्यावा लागत नाही. साध्या रेशमी कापडाच्या आडव्या धाग्याला नावापुरताच पीळ असतो. जॉर्जेटच्या धाग्याला मात्र मीटरमागे दोन-तीन हजार पीळ देतात. इतका पिळलेला धागा सैल सोडला तर स्वतःभोवती गुंडाळला जातो. तो तसा होऊ नये म्हणून वाफ देऊन तात्पुरता शांत करतात आणि मग मागावर चढवतात. उभ्या बाजूला दोन धागे उजव्या पिळाचे, पुढचे दोन डाव्या पिळाचे, पुन्हा दोन उजव्या, अशी मांडणी असते. आडव्या बाजूलाही तसेच. विणून झालेले कापड तेव्हा सपाट, गुळगुळीत आणि रटाळ दिसते. मग ते उकळत्या साबणाच्या पाण्यात घालतात. रेशमावरचा डिंक सुटतो, दाबून ठेवलेला पीळ जागा होतो, शेजारचे धागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वळू पाहतात आणि सगळे कापड आक्रसून बारीक रवाळ होते. जॉर्जेटवरून बोट फिरवताना जो खरखरीत कण लागतो, तो छपाईचा किंवा रसायनाचा नसतो, तो आत कोंडलेल्या पिळाचा असतो.

या पिळामुळेच जॉर्जेट वेगळे पडते. त्याचा प्रत्येक धागा स्प्रिंगसारखा वागतो. कापड दुमडले तरी धागा परत सरळ होऊ पाहतो, म्हणून सुरकुती टिकत नाही. आणि धाग्यांमध्ये फटी असल्याने ते कुठल्याही दिशेला सहज वळते, म्हणून ते अंगावरून ओघळते. चुणीदार कुर्ता, घेरदार घागरा, मोकळा सोडलेला पदर यांना जॉर्जेट शोभते ते याच कारणाने. उलट ज्या साडीच्या निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या हव्यात, तिथे त्याचा उपयोग नाही.

खऱ्या रेशमाचे जॉर्जेट चौरस मीटरला तीस-चाळीस ग्रॅमचेही असते, म्हणजे जरीकाम नसेल तर पूर्ण साडी अडीचशे ग्रॅमच्या आत. पॉलिस्टर जॉर्जेट बहुधा साठ ते ऐंशीच्या दरम्यान, म्हणजे चारशे-पाचशे ग्रॅमची साडी. हातात घेतल्यावर रेशमी जॉर्जेट इतके हलके लागते की अनेकांना तेच नकली वाटते. जड ते अस्सल, हा आपला जुना ठोकताळा इथे नेमका उलटा पडतो. खात्री करायची तर सुटा धागा चिमट्यात धरून जाळावा. रेशमाला जळणाऱ्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांत चुरडला जातो. पॉलिस्टर वितळते, आणि थंड झाल्यावर जो मणी उरतो तो नखानेही फुटत नाही. दोन्हींत आणखी एक व्यवहाराचा फरक आहे. पॉलिस्टरमधला पीळ कारखान्यात उष्णतेने कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे घरी धुतले तरी कापड आटत नाही. रेशमी जॉर्जेट पाण्यात गेले की पीळ पुन्हा जागा होतो आणि साडी लांबी-रुंदीत चांगलीच आटते. ती ड्रायक्लीनलाच द्यावी. फॉल लावताना तो आधी भिजवून वाळवलेला असावा, नाहीतर पुढे फॉल आटून साडीची कड गोळा होते.

आता रेशीम. एका कोशातून निघणारा धागा सहाशे मीटरपासून हजार-दीड हजार मीटरपर्यंत लांब असतो, पण तो एकटा विणता येण्याइतका जाड नसतो. सात-आठ कोश एकत्र उकलून जो धागा होतो, तो नऊ किलोमीटर लांब घेतला तरी वीस-बावीस ग्रॅमच भरतो. या कच्च्या धाग्यात पाव हिस्सा सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो उकळून काढला की रेशमाला चमक आणि मऊपणा येतो, पण वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी घटते. ऑरगंझामध्ये हा डिंक मुद्दाम राहू देतात, म्हणून ते कुरकुरीत आणि ताठ राहते. जुन्या काळी युरोपात हे घटलेले वजन भरून काढण्यासाठी रेशमात धातूंचे क्षार मुरवत. असे रेशीम जड लागायचे आणि काही वर्षांत घडीवर तडकायचे. म्हणून नुसत्या वजनावरून रेशमाची पारख करू नये. त्यापेक्षा सिल्क मार्कचे लेबल पाहावे. ही योजना केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झाली. पण हेही ध्यानात घ्यावे की ते लेबल धागा शुद्ध रेशमाचा असल्याची हमी देते. जरी कसली आहे आणि साडी हातमागाची आहे की यंत्रमागाची, हे त्यावरून कळत नाही.

रेशमी साड्यांतही वजनाची मोठी तफावत आहे. कांजीवरममध्ये अनेक धागे एकत्र पिळून जाड केलेले असतात आणि वीण दाट असते, म्हणून ती पाऊण किलोच्या आसपास सहज जाते. म्हैसूर सिल्क हा क्रेपचा प्रकार आहे. तिथला सरकारी कारखाना १९१२ सालचा आहे. पिळलेल्या आडव्या धाग्यामुळे ती साडी मऊ पडते आणि अंगाबरोबर वळते. पैठणीचे अंग साध्या विणीचे, पण काठ आणि पदर वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी एकेक धागा गुंतवत विणतात, त्यामुळे पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. पदरात जर जरी भरपूर असेल तर साडीचे वजन एकसारखे विभागलेले नसते, ते पदराकडे झुकते. चारशे ग्रॅमच्या अंगाला जड पदर असेल तर खांद्यावर ओढ बसणारच. साडी घेताना घडीवरून अंदाज बांधू नये, पदर उघडून खांद्यावर टाकून दोन मिनिटे उभे राहावे. नऊवारीचे क्षेत्रफळ तर साडेनऊ चौरस मीटरच्या घरात जाते. सहावारीत पाचशे ग्रॅम भरणारे तेच कापड नऊवारीत साडेसातशेला पोचते, जरी वेगळीच.

हे सगळे एका लग्नघरात कसे लागू पडते ते पाहू. नागपूरचे लग्न, मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. नवरीची मावशी मुंबईहून येणार आहे आणि तिला प्रवास, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागत समारंभ अशा पाच वेळांसाठी कपडे हवे आहेत.

प्रवासाला पॉलिस्टर जॉर्जेट हे उत्तर बहुतेकजणी देतील, कारण ते चुरगळत नाही. मुंबईपुरते ते ठीकही आहे. पण नागपूरच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरमध्ये स्थिर वीज साठते, साडी परकराला आणि पायांना चिकटते आणि चालताना अडकते. त्याखाली पॉलिस्टरचा परकर तर मुळीच नको, सुती हवा. मी त्याऐवजी सुती कुर्ता आणि जॉर्जेटची ओढणी सुचवीन.

हळदीला सुती, सत्तरच्या आसपासची, फार नवी नसलेली. हळदीचा रंग कापसावरही चढतो आणि रेशमावरही, आणि साबण लागला की दोन्हींवर लाल होतो. पण हा रंग उन्हात टिकत नाही. सुती साडी घासून धुता येते आणि दोन-तीन दिवस उन्हात घातली की डाग फिका होत जातो. रेशीम घासता येत नाही, कारण ओले रेशीम कमकुवत होते, आणि उन्हात ठेवले तर त्याचाच रंग उडतो.

सीमांतपूजन संध्याकाळी असते, माणसांची ये-जा, वाकणे-उठणे भरपूर. इथे रेशमी जॉर्जेट किंवा क्रेप चांगले. हलके असते, बसून उठल्यावर मागे सुरकुत्यांचा पंखा दिसत नाही आणि संध्याकाळच्या दिव्यांत त्याची मंद चमक उठून दिसते.

लग्न दुपारचे असेल तर कांजीवरमचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, हॉल वातानुकूलित असला तरी. मांडव आणि हॉल यांत जाणे-येणे होतच राहते. अशा वेळी विदर्भाच्याच मातीतली करवतकाठी टसर नेसावी. टसरचा कोश रानातल्या झाडांवरचा, त्याचा धागा तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि किंचित ओबडधोबड असतो. त्यामुळे कापडाला पोत येतो, चमक दबते आणि घामाने ते अंगाला चिकटत नाही. तिला सुरकुती पडते, ती चालवून घ्यावी. होमापाशी बसायचे असेल तर रेशमाचा आणखी एक गुण उपयोगी येतो. ते संथ जळते आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, आणि मलमलीसारखे पातळ सुती कापड तर झपाट्याने पेटते. पूजेला सोवळे म्हणून मुकटा किंवा कद नेसण्याची रीत याच कारणाने पडली असे म्हणता येणार नाही, पण आगीजवळ ती रीत फायद्याची आहे.

स्वागत समारंभाला रात्री वातानुकूलित सभागृहात तास-दोन तास उभे राहायचे असते. जड रेशीम नेसायची खरी वेळ हीच. कांजीवरम असो की भरजरी पैठणी, तिचा भार इथे सोसतो आणि फोटोत निऱ्या सरळ पडलेल्या दिसतात.

या यादीत लिनन कुठेच आले नाही, आणि ते बरोबरच आहे. लग्नघराच्या गर्दीत ते पहिल्या तासातच चुरगळते. त्याची जागा दुसऱ्या दिवशीच्या निवांत जेवणाला, उन्हाळ्यातल्या ऑफिसला, व्याख्यानाला किंवा चित्रप्रदर्शनाला, जिथे सुरकुती खटकत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मात्र पॉलिस्टर जॉर्जेटला तोड नाही. दमट हवेत स्थिर विजेचा त्रास राहत नाही, भिजलेली कड अर्ध्या तासात वाळते, आणि चिखलाचा शिंतोडा ओल्या फडक्याने निघतो. सुती साडीची भिजलेली कड दिवसभर ओली राहून घोट्यांवर आपटत राहते.

ब्लाउजचा हिशेब याहून वेगळा. साडीला ताण बसत नाही, ब्लाउजला बसतो. साडीसोबत आलेल्या तुकड्याचाच ब्लाउज शिवायचा आपला प्रघात असतो, पण विरळ विणीच्या लिननमध्ये आणि सैल रेशमात शिवण धरत नाही. टाके शाबूत राहतात आणि धागेच बाजूला सरकून पाठीच्या शिवणीपाशी फट पडते. शिवायला देण्याआधी तुकड्याच्या कडेपासून बोटभर अंतरावर दोन्ही अंगठ्यांनी कापड विरुद्ध दिशांना ताणून पाहावे. धागे सरकून जाळी दिसली, तर शिंप्याला पूर्ण सुती अस्तर लावायला सांगावे, शिवणीत एक इंच जादा कापड सोडायला सांगावे आणि घेर अर्धा इंच सैल ठेवावा. जॉर्जेटचा ब्लाउज तर अस्तराशिवाय शिवूच नये. रेशमी ब्लाउजला काखेत सुती पट्टी हवी, कारण घामातले क्षार रेशीम कमकुवत करतात, आणि चार लग्नांनंतर साडी शाबूत असताना ब्लाउज काखेत विरतो तो याच कारणाने.